थांबण्याची किंमत

घर, मुलांचं शिक्षण आणि प्रवास ही यादी कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी घरात ठेवली, तर तिचा क्रम विचार सुरू होण्याआधीच लागलेला असतो. घर आणि शिक्षण यांच्यात पहिलं कोण यावर थोडी चकमक होते आणि प्रवास ‘मग जमलं तर’ म्हणून मुकाट्याने तळाशी जातो. या क्रमामागे ‘जास्त महत्त्वाचं काय’ हा एकच प्रश्न असतो. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो, पण पैसे अपुरे असताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. छप्पर महत्त्वाचं आहे, शिक्षणही आहे, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना एकदा केदारनाथला नेणंही आहे. महत्त्वाच्या गोष्टी महत्त्वाच्या म्हणून मोजायला गेलं की त्या सगळ्याच सारख्या उंचीच्या निघतात आणि मग घरात ज्याचा आवाज मोठा त्याचा क्रम लागतो. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ या म्हणीचीही आपण अशीच गंमत केली आहे. ती सांगते की या दोन गोष्टी किती जिकिरीच्या आहेत. आपण ती घराला पहिला नंबर देण्यासाठी वापरतो.

कामाचा प्रश्न वेगळा आहे: ही गोष्ट तीन वर्षं पुढे ढकलली, तर नेमकं काय बिघडेल? काही गोष्टी ढकलल्या तर फक्त वाईट वाटतं. काही ढकलल्या तर महाग होतात. काही ढकलल्या तर कायमच्या हातातून जातात. थांबण्याची ही किंमत त्या गोष्टीच्या महत्त्वाशी बांधलेली नसते. तीन गोष्टींवरून ती ओळखता येते. तारीख हलवता येते का, आकार कमी करता येतो का, आणि पैसे कमी पडले तर त्या कामासाठी कुणी रास्त व्याजाने कर्ज देतं का. बारावीनंतरच्या प्रवेशाची तारीख हलत नाही, पण खर्चाचा आकार बराच हलतो आणि कर्जही मिळतं. घराची तारीख हलते, आकार हलतो आणि कर्ज तर बँका दारात येऊन देतात. निवृत्तीची तारीख फारशी हलत नाही आणि त्यासाठी कुणीही कर्ज देत नाही. ‘जास्त महत्त्वाचं काय’ याची चर्चा करणाऱ्या घरात निवृत्तीचं नावच यादीत नसतं, कारण तिचं स्वप्न कुणाला पडत नाही.

हे हवेत बोलण्यापेक्षा एका कल्पित कुटुंबाचा हिशेब मांडू. पुण्यात भाड्याने राहणारं नोकरदार जोडपं, एक मुलगी सातवीत, सोबत मुलीचे आजी-आजोबा, आजोबा 72 वर्षांचे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना 1,10,000 रुपये. भाडं 20,000, बाकी घरखर्च, विम्याचे हप्ते धरून, 52,000. उरतात 38,000. आजवरची शिल्लक 12 लाख, त्यातले 4 लाख आजारपण किंवा नोकरी सुटणं यासाठी बाजूला, म्हणजे स्वप्नांसाठी 8 लाख. पीएफ पगारातून आधीच कापला जातो आणि त्याला हात लावायचा नाही असं त्यांचं ठरलं आहे. आकडे सोपे राहावेत म्हणून दोन गोष्टी धरून चालू: एफडीवरचं व्याज आणि महागाई साधारण एकमेकांना खातात, आणि घराची किंमत पगाराच्याच वेगाने वाढते. त्यामुळे सगळं आजच्या रुपयांत मोजता येतं आणि चक्रवाढीच्या तक्त्यात शिरावं लागत नाही.

त्यांच्या यादीत चार गोष्टी आहेत. 70 लाखांचा टू बीएचके, शक्यतो तीन वर्षांत. मुलीचं चार वर्षांचं इंजिनिअरिंग, सहा वर्षांनी. वसतिगृह धरून आजच्या भावाने 12 लाख, आणि फी बाकी महागाईपेक्षा जरा जोरात धावते म्हणून 14 लाख धरू. आजी-आजोबांसह सगळ्यांची केदारनाथ-बद्रीनाथ यात्रा, 2 लाख. आणि युरोपची सहल, तिघांची, 7 लाख. घरासाठी 70 लाख साठवायचे नसतात, पण किती साठवायचे याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे स्वतःचे 14 लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. नोंदणीचे 30 हजार. पंखे, पडदे, किचनची कपाटं, सोसायटीची देणी यांचे पावणेतीन-तीन लाख. बेरीज 22 लाख. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतलं तर वर जीएसटी, आणि घर मिळेपर्यंत भाडंही चालूच.

आता साधी बेरीज करा. घराचे 22, शिक्षणाचे 14, यात्रेचे 2, युरोपचे 7: एकूण 45 लाख. सहा वर्षांत हातात येणार किती? शिल्लक 8 लाख आणि 72 महिने गुणिले 38,000, म्हणजे सव्वासत्तावीस लाखांच्या थोडं वर. एकूण सुमारे 35 लाख. तूट 10 लाख. इथवर आलं की बहुतेक घरांत म्हणतात, दहाच ना, होईल काहीतरी, पगार वाढतील. आणि महत्त्वाच्या क्रमाने घर आधी घेऊन टाकतात.

इथेच हिशेब फसतो. 37 महिन्यांत 22 लाख जमतात आणि घर होतं. 56 लाखांचं कर्ज, समजा साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी: महिना हप्ता 48,600. भाड्याचे 20,000 वाचले म्हणून 38,000 चे 58,000 झाले. त्यातून हप्ता आणि सोसायटीचा 3,500 रुपये मेंटेनन्स गेला की उरतात 6,000. घराच्या आधी हे कुटुंब महिना 38,000 वाचवत होतं, घरानंतर 6,000 वाचवतं. पुढच्या तीन वर्षांत बाकी सगळ्या स्वप्नांसाठी जमतात दोन लाखांच्या आसपास. दहा लाखांची तूट नकळत एकवीस लाखांवर गेली. यादी तीच, पगार तोच, फक्त क्रम लागला. घर इतर ध्येयांसारखं एकदा पैसे घेऊन बाजूला होत नाही. ते घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाकी सगळ्यांच्या ताटातलं उचलतं. म्हणून घराची खरी किंमत मोजायची तर त्यानंतर महिन्याला किती उरेल हा आकडा आधी काढावा लागतो. डाउन पेमेंट जमलं का, हा प्रश्न नंतरचा. यावर कुणी म्हणेल की हप्त्यातले पैसे वाया जात नाहीत, मालमत्ता उभी राहते. राहते, पण हळू. या कर्जाच्या पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले जवळपास 39,700 व्याजात जातात आणि 8,900 मुद्दलात. पहिल्या तीन वर्षांत भरलेल्या साडेसतरा लाखांपैकी मुद्दल फिटतं जेमतेम 3 लाख 65 हजार. आणि स्वयंपाकघराची भिंत विकून कॉलेजची फी भरता येत नाही.

मग घर घ्यायचंच नाही? तसं मुळीच नाही. चूक घर हवं असण्यात नाही. ‘घर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी बांधल्या आहेत आणि त्या दोन्हींना एकच नंबर दिला आहे. ‘कुणी उठवणार नाही असं स्वतःचं छप्पर’ ही एक गोष्ट. ‘याच भागात, लिफ्ट आणि दोन बाल्कन्या असलेलं, पाहुण्यांना दाखवण्याजोगं घर’ ही दुसरी. पहिली न मिळणं जड आहे; दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधणं, शाळा लांब पडणं, म्हाताऱ्या माणसांना नव्या जिन्यांची सवय करणं. दुसरी न मिळाली तर हळहळ वाटते, आणि दहा वर्षांनी घर बदलूनही ती मिळवता येते. क्रम लावायचा तो ध्येयांच्या नावांना नव्हे, त्यांच्या तुकड्यांना. प्रत्येक ध्येयाचा गाभा वेगळा काढायचा आणि वरचं वेगळं. मग गाभ्यांची आपसात तुलना करायची, आणि वरच्या तुकड्यांची आपसात. एका ध्येयाचा वरचा तुकडा दुसऱ्याच्या गाभ्याच्या पुढे उभा राहू लागला की समजावं, नाव बघून क्रम लागला आहे.

या घरात गाभा 55 लाखांना मिळतो असं धरू: थोडं आत, थोडं जुन्या इमारतीत. जुन्या, पूर्णत्वाचा दाखला असलेल्या घरावर जीएसटीही नाही. स्वतःचे 11 लाख, मुद्रांक शुल्काचे 3 लाख 85 हजार, नोंदणी आणि किरकोळ मिळून एकूण 17 लाख 70 हजार. कर्ज 44 लाख, हप्ता 38,200. मेंटेनन्स 3,000 गेला की महिना उरतात 16,800. घर पंधरा लाखांनी लहान केलं तर डाउन पेमेंटमध्ये सव्वाचार लाख वाचतात, हे सगळ्यांना दिसतं. पण महिन्याला वाचणारे 10,800 पुढे वर्षानुवर्षं वाचत राहतात, ते दिसत नाही, कारण बिल्डरच्या कार्यालयात चर्चा किमतीची होते, उरणाऱ्या पैशांची नाही. जाता जाता एक गोष्ट: महाराष्ट्रात निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. या घरावर ती 55,000 होते, म्हणजे यात्रेच्या खर्चाचा चौथा हिस्सा. नवऱ्यांना ही सवलत सहसा माहीत नसते, किंवा माहीत असूनही आठवत नाही.

प्रवासाचंही तसंच दोन तुकड्यांत विभाजन करावं लागतं, आणि केलं की रांग उलटी होते. युरोप पाच वर्षांनीही तिथेच असतो. तो थोडा महाग होईल, पण आठ देशांऐवजी दोन देश करता येतात किंवा मुलगी नोकरीला लागल्यावर तिच्यासह जाता येतं. तारीखही हलते आणि आकारही. म्हणजे थांबण्याची किंमत नगण्य. केदारनाथचं तसं नाही. गौरीकुंडापासून वर सोळा-अठरा किलोमीटरची चढण आहे. घोडा, डोली, हेलिकॉप्टर मिळतं, पण साडेतीन हजार मीटरवरची विरळ हवा कुणालाच टाळता येत नाही. 72 वर्षांच्या माणसाला हे पुढच्या वर्षी जमेल. 77 व्या वर्षी गुडघे आणि रक्तदाब काय म्हणतील हे डॉक्टरही सांगणार नाही. या सहलीची तारीख कॅलेंडर ठरवत नाही, शरीर ठरवतं, आणि पुढे ढकलणं म्हणजे बहुधा रद्द करणं. चारही ध्येयांत थांबण्याची किंमत इथे सर्वांत जास्त आणि रक्कम सर्वांत कमी. ‘प्रवास म्हणजे चैन’ या शिक्क्याखाली हे ध्येय तळाशी गेलं असतं. या यात्रेने घर किती लांबतं हेही मोजता येतं. 70 लाखांचं घर 37 ऐवजी 42 महिन्यांनी होतं, म्हणजे पाच महिने.

शिक्षणाची तारीख अढळ असल्यामुळे ते सगळ्यांत आधी भरावं, असा युक्तिवाद नेहमी होतो. अर्धा बरोबर आहे. तारीख अढळ आहे, पण रक्कम सगळ्यांत अनिश्चित आहे. सातवीतली मुलगी इंजिनिअरिंगला जाईल, वाणिज्य घेईल की सरकारी महाविद्यालयात जागा मिळवेल, हे आज ठरत नाही, आणि त्यावर खर्च दोन लाखही होऊ शकतो, वीस लाखही. 2024 पासून महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपल्या कल्पित कुटुंबाचं उत्पन्न त्याच्या वर जातं, म्हणून त्यांना ही माफी लागू नाही. पण ज्यांना लागू आहे त्यांच्या यादीत शिक्षणाचा आकडा वसतिगृह आणि पुस्तकांपुरता उरतो. वीस लाखांची धास्ती घेऊन घर लांबवणाऱ्या अशा घराने आधी नियम वाचावेत, आणि मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही माफी नाही हेही लक्षात ठेवावं. अनिश्चित रकमेसाठी सगळे पैसे आजच कोंडून ठेवणं हाही अपव्ययच. फी एका दिवसात भरायची नसते, चार वर्षांत भरायची असते, आणि त्या चार वर्षांतही महिन्याची बचत चालू असते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी चौदाच्या चौदा लाख तयार हवेत, ही धारणा चुकीची आहे. पहिल्या दोन वर्षांची सोय पक्की आणि पुढचं महिन्याच्या प्रवाहातून, एवढं पुरतं.

आता तुकड्यांच्या क्रमाने तोच हिशेब पुन्हा. पुढच्या मे महिन्यात यात्रा, शिलकीतून 2 लाख, उरतात 6. महिन्याच्या 38,000 पैकी 10,000 शिक्षणाला, 28,000 घराला. घराचे 17 लाख 70 हजार 42 महिन्यांत, म्हणजे साडेतीन वर्षांत जमतात. तोवर शिक्षणाच्या खात्यात 4 लाख 20 हजार. पुढे प्रवेशापर्यंत अडीच वर्षं महिना 16,800 शिक्षणाला: आणखी 5 लाखांच्या वर. प्रवेशाच्या दिवशी नऊ लाख हाताशी, आणि चार वर्षांत आणखी आठ येणार. चौदा लाख भागतात, वर तीनएक लाख उरतात. ते युरोपच्या दोन देशांची सुरुवात. तुलनेला 70 लाखांचं घर घ्या. यात्रा केली तर ते घरही 42 महिन्यांनीच होतं. पण नंतर महिना 6,000 मध्ये प्रवेशाच्या दिवशी दोन लाखही नसतात आणि चार वर्षं संपेपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ लाखांची तूट पडते. घराची तारीख दोन्हीकडे एकच. फरक पडला तो मोठ्या घराच्या वरच्या तुकड्याने शिक्षणाचा गाभा खाल्ल्यामुळे.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. पगार वाढतो, हप्ता वाढत नाही. हप्ता 48,600 चा राहतो, आणि पगार व महागाई वर्षाला 5 टक्क्यांनी वाढली, तर तीन वर्षांनी तो आजच्या मापाने 42,000 इतकाच जाचतो. हे धरलं तर मोठ्या घराच्या पर्यायातली नऊ लाखांची तूट चारएक लाखांवर येते. हे मान्य करायलाच हवं, आणि 20 वर्षांच्या कर्जाने लोक तरून जातात त्याचं कारणही हेच आहे. पण ही सवलत उशिरा मिळते. पहिली तीन-चार वर्षं सर्वांत आवळलेली असतात, आणि या घरात नेमकी तीच वर्षं दहावी, अकरावी, बारावीची आहेत, जेव्हा क्लासची फी अचानक उभी राहते. शिवाय बहुतेक गृहकर्जांचं व्याज बदलतं असतं. दर वाढला की बँक हप्ता वाढवते किंवा मुदत लांबवते. पगार वेळेवर वाढतील, दोघांच्या नोकऱ्या अखंड राहतील आणि दर चढणार नाहीत, हे तिन्ही जुळून आलं तरच ते गणित जुळतं. लहान घराच्या पर्यायात तिन्हींपैकी एखादं चुकलं तरी गाडी चालते.

दुसरा आक्षेप तुम्ही प्रत्येक दलालाच्या तोंडून ऐकला असेल: आज घेतलं नाही तर उद्या परवडणार नाही. आपण किमती पगाराच्याच वेगाने वाढतात असं धरलं होतं. समजा त्या वर्षाला 2 टक्के जास्त वेगाने वाढल्या. साडेतीन वर्षांत 55 लाखांचं घर आजच्या मापाने 59 लाखांचं होईल. त्याने डाउन पेमेंट आणि शुल्क मिळून लाखभराने वाढतं, म्हणजे चार महिने जास्त लागतात, आणि हप्ता पावणेतीन हजारांनी चढतो. त्रास आहे, आपत्ती नाही. आणि हा धोका मोठ्या घराला जास्त बाधतो, लहान घराला कमी. म्हणजे आक्षेप खरा असला तरी तो लहान घराच्याच बाजूने साक्ष देतो. शिवाय गेल्या दशकात पुण्या-मुंबईच्या अनेक भागांत घरांचे भाव कित्येक वर्षं जागच्या जागी राहिले होते, हेही त्याच दलालांनी विसरता कामा नये.

तिसरा आक्षेप असा की शिक्षणाला कर्ज मिळतं, तर तूट पडू द्या. मिळतं हे खरं. बँकांच्या ठरलेल्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, आणि जुन्या करपद्धतीत राहिल्यास त्याचं व्याज आठ वर्षं उत्पन्नातून वजा करता येतं. म्हणून शिक्षणाचा एक हिस्सा जाणूनबुजून कर्जावर सोडणं हा चांगला निर्णय होऊ शकतो, विशेषतः मुलीला आपल्या पायावर उभं राहून तो फेडता येईल अशा पदवीसाठी. पण ठरवून ठेवलेलं चार लाखांचं कर्ज वेगळं आणि शेवटच्या महिन्यात अंगावर आलेलं नऊ लाखांचं वेगळं. सवलतीच्या काळातही व्याज चढतच असतं. साडेसात लाखांच्या पुढे बँक तारण मागू शकते, आणि या कुटुंबाकडे तारण द्यायला असतं काय? तेच घर, जे आधीच गहाण आहे. अशा वेळी लोक पीएफ उचलतात. ही सगळ्यात मोठी गफलत, कारण पीएफ हे शिक्षणाचं किंवा घराचं ध्येय नाही, ते निवृत्तीचं ध्येय आहे, आणि वर म्हटलं तसं त्यासाठी साठाव्या वर्षी कुणी कर्ज देत नाही. ज्या ध्येयाला कर्ज मिळू शकतं त्यासाठी ज्याला मिळत नाही ते मोडणं, हा क्रम कुठल्याच हिशेबाने बसत नाही.

क्रम बिघडतोय हे ओळखायला मोठं अंकगणित लागत नाही. एका कामाची एफडी मुदतीआधी दुसऱ्यासाठी मोडली गेली, फीसाठी दागिने सराफाकडे किंवा बँकेत गेले, सहल क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर झाली, यांपैकी काहीही वर्षात दोनदा घडलं तर यादीतली कुठली तरी गोष्ट आपल्या वाट्याच्या बाहेर पसरली आहे. याच्या उलट चूक, जी अतिशय सज्जन घरांत होते, ती म्हणजे कुणालाच नाराज करायचं नाही म्हणून प्रत्येक ध्येयाची एक आरडी काढून दरमहा सारखी रक्कम टाकणं. 38,000 चे चार सारखे भाग, प्रत्येकी साडेनऊ हजार. दिसायला न्याय आहे. पण यात्रेला आधी हात घातला गेला नाही तर आजोबा थकतात, आणि युरोपची आरडी भरत असताना घर लांबत जातं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलं की माणसं पैशांवर मनातल्या मनात चिठ्ठ्या लावतात आणि चिठ्ठी लागलेला पैसा दुसरीकडे वळवायला नाखूश असतात. ही सवय बचत टिकवायला मदत करते, हे खरं. पण चिठ्ठ्या सारख्या रकमेच्या असाव्यात असं तिच्यात कुठेही नाही.

राहिला नवरा-बायकोतला मतभेद, आणि तो आकड्यांनी मिटत नाही. एकाला घर म्हणजे सुरक्षितता वाटते, दुसऱ्याला मुलीचं शिक्षण. इथे उपयोगी पडतं ते दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर प्रत्येक तुकड्यापुढे एकच वाक्य पूर्ण करणं: ‘हे तीन वर्षं लांबलं तर...’ बोलताना माणसं ध्येयाची बाजू मांडतात, लिहिताना परिणामाची. ‘मोठं घर तीन वर्षं लांबलं तर... भावाच्या घरी गेल्यावर वाईट वाटेल’ असं वाक्य कागदावर उतरलं की त्यावर भांडण्याची गरज उरत नाही; लिहिणाऱ्यालाच त्याचं वजन कळतं. आणि ‘भाड्याचं घर सुटलं तर आजींना चौथ्यांदा सामान हलवावं लागेल’ असं वाक्य दुसऱ्या कागदावर असेल, तर घराच्या गाभ्याला वरचा नंबर मिळायला हवा, भले शिक्षणाचा तुकडा थोडा कर्जावर गेला तरी चालेल. वेगळ्या घरात क्रम वेगळा निघेल. मुलगा बारावीत असेल तर शिक्षणाला ढकलण्याची मुभाच नाही. आजी-आजोबा पन्नाशीचे असतील तर यात्रा मागे जाईल. दरवर्षी पगारवाढ झाली की ही वाक्यं पुन्हा लिहावीत. मुलगी नववीत गेली की शिक्षणाचा आकडा पहिल्यांदा खरा होऊ लागतो.

आपल्या कल्पित कुटुंबात मात्र पहिला खर्च ठरला आहे. केदारनाथचं मंदिर भाऊबीजेला बंद होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात उघडतं. चारधामची नोंदणी आधी करावी लागते. मे महिन्यात आजोबा 73 वर्षांचे होतील.